महागाई चढी असताना प्रकल्पाचा हिशोब: आजचे भाव की त्या वर्षीचे भाव?

तुर्कस्तानात ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा वार्षिक दर ८५ टक्क्यांच्या वर गेला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो सुमारे ६५ टक्के होता, आणि त्यानंतर मार्च २०२४ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने आपला धोरणदर ५० टक्क्यांवर नेला. अशा बातम्या वाचल्या की मनात एक साधा प्रश्न येतो: जिथे पैशाची किंमतच वर्षाला ५० टक्के आहे, तिथे नवा कारखाना, नवे गोदाम किंवा नवे शीतगृह काढायला कोण धजावेल? एवढा नफा कोणत्या धंद्यात मिळतो?

प्रश्न रास्त आहे. पण त्यात दोन वेगवेगळ्या मापांची सरमिसळ झालेली आहे. ५० टक्के हा दर वाढत्या भावांच्या जगातला आहे, आणि 'एवढा नफा कुठे मिळतो' असे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे स्थिर भावांच्या जगातला नफा असतो. हीच सरमिसळ प्रकल्प अहवालांतही होते आणि तिच्यापायी चांगले प्रकल्प नाकारले जातात, वाईट प्रकल्प मंजूर होतात. भारतात १९७४-७५ मध्ये घाऊक किमती सरासरीने सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या होत्या, त्यामुळे हा विषय आपल्यालाही अगदी परका नाही. तरीही उदाहरण तुर्कस्तानातलेच घेऊ, कारण तिथे ही चूक मोठी होऊन नीट दिसते.

चार शब्द आधी

प्रकल्पात दरवर्षी प्रत्यक्ष येणाऱ्या आणि जाणाऱ्या पैशाला रोख प्रवाह म्हणतात. ज्या वर्षी रक्कम हाती येईल त्या वर्षीच्या भावांनी ती मांडली, तर तो नाममात्र प्रवाह. तीच रक्कम आजच्या भावांनी मांडली, तर तो वास्तव प्रवाह. राष्ट्रीय उत्पन्नाच्या बातम्यांत 'चालू किमतींनुसार' आणि 'स्थिर किमतींनुसार' असे दोन आकडे असतात. फरक तोच आहे. भविष्यातल्या रकमेचे आजचे मोल काढण्यासाठी तिला ज्या दराने भागत जातो, तो वटाव दर, म्हणजेच डिस्काउंट रेट. सर्व वर्षांच्या रकमांचे आजचे मोल एकत्र करून त्यातून सुरुवातीची गुंतवणूक वजा केली की निव्वळ वर्तमान मूल्य मिळते. ते शून्यापेक्षा जास्त असेल तर प्रकल्प घ्यावा, कमी असेल तर सोडावा.

वटाव दरही दोन प्रकारचा असतो. गुंतवणूकदाराला आपली क्रयशक्ती वर्षाला १० टक्क्यांनी वाढावी असे वाटत असेल, तर तो वास्तव दर झाला. महागाई ४० टक्के असेल तर त्याला पैशाच्या रूपात किती मिळायला हवे? अनेक जण १० आणि ४० यांची बेरीज करून ५० म्हणतात. बरोबर उत्तर गुणाकाराने येते: १.१० × १.४० = १.५४, म्हणजे ५४ टक्के. अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण ते हेच. महागाई ४-५ टक्के असताना बेरीज आणि गुणाकार यांत अगदी थोडा फरक पडतो, त्यामुळे बेरजेची सवय लागते. ४० टक्क्यांना तीच सवय चार टक्क्यांची चूक करून ठेवते.

एक शीतगृह, दोन हिशोब, एकच उत्तर

मेर्सिन हे तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचे बंदर संत्री-लिंबांच्या व्यापारासाठी ओळखले जाते. तिथे एक छोटे शीतगृह काढायचे आहे असे समजू. पुढचे प्रकल्पाचे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. यंत्रसामग्रीवर आज १०० लाख लिरा खर्च होतील. आजच्या भावांनी, सर्व चालू खर्च वजा जाता, दरवर्षी ४० लाख लिरा हाती राहतील. यंत्रे चार वर्षे चालतील, रक्कम प्रत्येक वर्षाच्या अखेरीस मिळेल आणि महागाई चारही वर्षे ४० टक्के राहील. कर तूर्त बाजूला ठेवू.

वास्तव हिशोबात चार वर्षे ४०-४० लाख मांडायचे आणि १० टक्के दराने वटवायचे. त्यांचे आजचे मोल १२६.८ लाख भरते; गुंतवणूक वजा केली की २६.८ लाख उरतात. नाममात्र हिशोबात पहिल्या वर्षी ५६ लाख, दुसऱ्या वर्षी ७८.४, तिसऱ्या वर्षी १०९.८ आणि चौथ्या वर्षी १५३.७ लाख मांडायचे आणि ५४ टक्के दराने वटवायचे. उत्तर पुन्हा १२६.८ लाख. हा योगायोग नाही. नाममात्र रकमेत दरवर्षी १.४० ने जो गुणाकार केला, तोच वटाव दरातल्या १.४० ने भागला गेला आणि मागे फक्त १.१० चा भागाकार उरला.

म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे: या शीतगृहाला ५४ टक्क्यांचा दर परवडतो, कारण त्याची आवकही महागाईबरोबर ४० टक्क्यांनी वाढते आहे.

सरमिसळ झाली की काय होते

आता एखाद्या अधिकाऱ्याने आवक आजच्या भावांनी मांडली, पण वटाव दर बँकेच्या व्याजावरून, म्हणजे ५४ टक्के घेतला असे समजू. चार वर्षांच्या ४०-४० लाखांचे मोल आता फक्त ६०.९ लाख भरते. जो प्रकल्प २६.८ लाखांची भर घालणारा होता, तो ३९ लाखांचा तोटा दाखवू लागतो. दरवर्षी आखूड होत जाणाऱ्या मोजपट्टीने कापड मोजायचे असेल, तर ती किती आखूड झाली याची दुरुस्ती एकदाच करावी लागते. इथे ती वटाव दरात केली आहे आणि आवक मात्र वाढवलेलीच नाही, म्हणजे महागाई वजा झाली पण जमा झालीच नाही.

उलट दिशेची चूक अधिक धोक्याची आहे असे माझे मत आहे. आवक वाढत्या भावांनी मांडली आणि दर मात्र १० टक्केच ठेवला, तर याच शीतगृहाचे मोल ३०३ लाख दिसते. एवढेच नाही, तर आजच्या भावांनी वर्षाला फक्त १५ लाख देणारे शीतगृहही या पद्धतीत ११३.७ लाखांचे ठरते आणि मंजूर होते. ते चार वर्षांत मिळून आजच्या भावांचे ६० लाखच देणार आहे, म्हणजे त्यातून मुद्दलही सुटत नाही. नाकारलेल्या चांगल्या प्रकल्पाचा पत्ता कोणाला लागत नाही. मंजूर झालेल्या वाईट प्रकल्पात मात्र लोकांच्या ठेवी आणि नोकऱ्या अडकतात.

पहिल्या प्रकारची चूक केवळ नवशिके करतात असेही नाही. फ्रँको मोदिल्यानी आणि रिचर्ड कोन यांनी १९७९ मध्ये असे मांडले की अमेरिकेतल्या त्या काळच्या महागाईत शेअर बाजारातले गुंतवणूकदार कंपन्यांची वास्तव कमाई नाममात्र दराने वटवत होते, आणि शेअरचे भाव खाली राहण्याचे ते एक मोठे कारण होते. या मांडणीवर वाद झाले, पण चूक किती स्वाभाविक आहे हे तिने लक्षात आणून दिले.

मग सोपा, वास्तव हिशोबच का करू नये?

दोन्ही रीतींनी उत्तर एकच येत असेल, तर महागाईचा अंदाज बांधण्याच्या भानगडीत का पडावे, आजचेच भाव धरून १० टक्क्यांनी हिशोब उरकावा, असा आक्षेप हमखास येतो. आतापर्यंतच्या उदाहरणात तो खरा आहे, कारण त्यात प्रत्येक रक्कम महागाईबरोबर वाढत होती. प्रत्यक्षात काही रकमा पैशाच्या आकड्यात गोठलेल्या असतात. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो.

पहिली गोठलेली रक्कम घसाऱ्याची. यंत्र झिजते म्हणून त्याच्या किमतीचा जो भाग दरवर्षी करपात्र नफ्यातून वजा करता येतो, तो घसारा. कर २५ टक्के आहे आणि करकायदा यंत्राच्या मूळ खरेदी किमतीवरच घसारा देतो असे धरू. १०० लाखांवर चार वर्षे दरवर्षी २५ लाख घसारा, म्हणजे दरवर्षी ६.२५ लाखांची करबचत. भाव कितीही चढले तरी हा आकडा ६.२५ च राहतो. वास्तव हिशोब करणारा तो ४० लाखांच्याच शेजारी मांडतो आणि १० टक्क्यांनी वटवतो. मोल येते १९.८ लाख. पण ही नाममात्र रक्कम असल्याने तिला ५४ टक्केच लागू पडतात, आणि मग मोल ९.५ लाख होते. अर्धी करबचत महागाईने गिळली. करानंतरची आवक, म्हणजे आजच्या भावांचे ३० लाख, ९५.१ लाखांची असल्याने प्रकल्पाचे खरे निव्वळ मूल्य ४.६ लाख ठरते. ढोबळ वास्तव हिशोब मात्र १४.९ लाख सांगतो.

दुसरी गोष्ट खेळत्या भांडवलाची, म्हणजे रोजचा धंदा चालवताना उधारीसारख्या गोष्टींत अडकून राहणाऱ्या पैशाची. शीतगृह वापरणारे व्यापारी भाडे उधारीवर ठेवतात, त्यामुळे सुरुवातीला १० लाख त्यात अडकतात असे समजू. ढोबळ हिशोबात १० लाख आज जातात आणि आजच्या भावांचे १० लाख चौथ्या वर्षी परत येतात. १० टक्क्यांनी याचा भार ३.२ लाख पडतो. प्रत्यक्षात भाडे ४० टक्क्यांनी वाढले की उधारीही तेवढीच वाढते. पहिल्या वर्षाअखेर आणखी ४ लाख, दुसऱ्या वर्षाअखेर ५.६ आणि तिसऱ्या वर्षाअखेर ७.८४ लाख त्यात घालावे लागतात, आणि चौथ्या वर्षी २७.४४ लाख वसूल होतात. या रकमा ५४ टक्क्यांनी वटवल्या की भार १२.२ लाख होतो. एक पोतेही जास्त ठेवलेले नसताना दरवर्षी नवा पैसा आत घालावा लागतो, कारण व्यापाऱ्याकडे थकलेला लिरा वसूल होईपर्यंत आटत असतो.

आता सगळे एकत्र पाहू. ढोबळ वास्तव हिशोब ११.७ लाखांचा फायदा दाखवतो आणि शीतगृह मंजूर करतो. नीट केलेला हिशोब ७.६ लाखांचा तोटा दाखवतो. दोघांनीही 'वास्तवाला वास्तव, नाममात्राला नाममात्र' हा नियम पाळल्याचा दावा केला असता. पण पहिल्याने दोन नाममात्र रकमा वास्तव तक्त्यात बसवल्या होत्या. म्हणूनच महागाई चढी असताना मी नाममात्र तक्ता आधी करावा असे म्हणतो. त्यात प्रत्येक ओळीला 'ही महागाईबरोबर वाढते का' हा प्रश्न विचारावाच लागतो. मग हवे तर प्रत्येक वर्षाची रक्कम त्या वर्षापर्यंतच्या एकूण भाववाढीने भागून वास्तव तक्ता काढता येतो, आणि तोही ७.६ लाखांचाच तोटा सांगतो.

मात्र प्रत्येक देशाचा करकायदा वेगळा असतो. तुर्कस्तानातच २०२३ अखेरच्या ताळेबंदांना महागाईची दुरुस्ती लावावी लागली होती. जिथे यंत्राची किंमत अशी वाढवून तिच्यावर करासाठी घसारा मिळतो, तिथे करबचत गोठलेली राहत नाही आणि वरचा ९.५ लाखांचा आकडा वर सरकतो. त्यामुळे करबचतीची ओळ मांडण्यापूर्वी त्या वर्षीचा नियम वाचणे भाग आहे.

महागाई दरवर्षी सारखीच कुठे राहते?

राहत नाही, आणि हा आक्षेप योग्य आहे. तुर्कस्तानात ती डिसेंबर २०२३ च्या ६५ टक्क्यांवरून डिसेंबर २०२४ मध्ये ४४ टक्क्यांवर आली. समजा आपल्या शीतगृहासाठी अंदाज ४०, २५, १५ आणि १० टक्के असा उतरता आहे. मग करापूर्वीची नाममात्र आवक ५६, ७०, ८०.५ आणि ८८.६ लाख होईल. तिला चारही वर्षे ५४ टक्के लावले तर मोल १०३.७ लाखच येते, जरी वास्तव आवक तीच ४० लाख असल्याने खरे मोल १२६.८ लाख आहे. बरोबर रीत अशी की दरही वर्षागणिक बदलावा: पहिल्या वर्षी ५४, दुसऱ्या वर्षी ३७.५, तिसऱ्या वर्षी २६.५ आणि चौथ्या वर्षी २१ टक्के, आणि प्रत्येक रक्कम तिच्यापर्यंतच्या सर्व वर्षांच्या दरांनी क्रमाने भागावी. आजच्या बँकव्याजाचा दर उचलून तो प्रकल्पाच्या अखेरपर्यंत ताणणे ही सरमिसळच आहे, फक्त जरा लपलेली.

इथे महागाई म्हणजे पुढची अपेक्षित महागाई, हेही ध्यानात ठेवावे. गेल्या वर्षीचा आकडा वर्तमानपत्रात तयार मिळतो म्हणून तो वापरला जातो. पण आजच्या व्याजदरात सावकारांचा पुढचा अंदाज असतो. त्यातून मागची महागाई वजा केली तर वास्तव दर कधी ऋणही येतो आणि त्यावर बेतलेला हिशोब कोणताही प्रकल्प पास करतो.

सगळे भाव एकाच गतीने वाढत नाहीत, ही याचीच दुसरी बाजू आहे. तुर्कस्तानात जानेवारी २०२४ मध्ये किमान वेतन ४९ टक्क्यांनी वाढवले गेले आणि त्या वर्षीच्या जुलैत ते पुन्हा वाढवले नाही. दुकानातले भाव मात्र महिन्यामहिन्याला चढत होते. मजुरी अशी पायरीपायरीने वाढते, विजेचा दर सरकारी आदेशाने एकदम उडी घेतो आणि शीतगृहाचे भाडे व्यापाऱ्यांच्या ऐपतीला अडकून राहते. म्हणून आवक, मजुरी आणि वीज यांना वेगवेगळे वाढीचे दर लावावेत. सर्वसाधारण महागाईचा दर मात्र वटाव दरासाठी एकच ठेवावा.

सगळा हिशोब डॉलरमध्ये केला तर?

अनेक कंपन्या तसे करतात, आणि निर्यातीच्या धंद्यात त्याला अर्थही आहे. पण डॉलरमध्ये मांडलेल्या रकमाही नाममात्रच असतात, कारण डॉलरलाही स्वतःची महागाई आहे. त्यांना डॉलरचा नाममात्र दरच लावला पाहिजे. शिवाय घसाऱ्याची करबचत लिरामध्ये गोठलेली आहे आणि उधारी लिरामध्ये आटते आहे. लिरा घसरत गेला की डॉलरच्या तक्त्यात या दोन्ही ओळी दरवर्षी बारीक होत गेल्या पाहिजेत. आजच्याच विनिमय दराने चारही वर्षांचे रूपांतर केलेले दिसले, तर जुनीच चूक नव्या चलनात शिरली आहे असे समजावे.

पाच टक्के महागाईत याची गरज आहे का?

भारतासारख्या देशात महागाई ५ टक्के धरली, तर १० टक्के वास्तव दराचा नाममात्र दर १५.५ टक्के होतो. आपल्या पहिल्या, करापूर्वीच्या उदाहरणात ४०-४० लाखांची वास्तव आवक चुकून १५.५ टक्क्यांनी वटवली, तर निव्वळ मूल्य २६.८ ऐवजी १३ लाख येते. प्रकल्प नाकारला जात नाही, पण अर्धा फायदा कागदावरून पुसला जातो. चार वर्षांच्या यंत्राऐवजी पंचवीस-तीस वर्षांचे धरण, पूल किंवा सौरप्रकल्प असेल तर हीच चूक निकाल फिरवू शकते, कारण दर वर्षाबरोबर ती साचत जाते.

अहवाल हातात आल्यावर कुठे पाहावे

आवकीची ओळ आधी पाहावी. ती सर्व वर्षे सपाट असेल आणि वटाव दर बँकव्याजाच्या जवळपास असेल, तर सरमिसळ जवळजवळ निश्चित आहे. आवक दरवर्षी फुगत असेल आणि दर महागाईपेक्षाही कमी असेल, तर उलटी चूक झाली आहे. मग खेळत्या भांडवलाकडे वळावे: तिथे फक्त पहिल्या आणि शेवटच्या वर्षी आकडा असेल आणि मधली वर्षे कोरी असतील, तर चढ्या महागाईत तो तक्ता अपुरा आहे. घसाऱ्याची करबचत आवकीबरोबर वाढवलेली दिसली, तर करकायद्यात तशी तरतूद आहे का हे विचारावे. शेवटी अहवाल करणाऱ्याला दोन्ही तक्ते मागावेत. दोन्हींची निव्वळ मूल्ये तंतोतंत जुळली पाहिजेत. जुळली नाहीत तर कोणत्या तरी ओळीत गोठलेली रक्कम वाढवली गेली आहे किंवा वाढणारी रक्कम गोठवली गेली आहे.

निव्वळ मूल्य चांगले, तरी हप्ता फेडता येईल का?

या हिशोबाने एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे पैसा वेळेवर हाती असेल का. याच शीतगृहासाठी ८० लाखांचे कर्ज ५० टक्के व्याजाने आणि चार समान मुद्दल-हप्त्यांनी घेतले असे समजू. पहिल्या वर्षी ४० लाख व्याज आणि २० लाख मुद्दल मिळून ६० लाख भरायचे आहेत. आवक ५६ लाख. घसारा आणि व्याज वजा जाता नफाच उरत नसल्याने कर शून्य. उधारीत ४ लाख गेले की हाती ५२ लाख. हप्ता पहिल्याच वर्षी चुकतो. चौथ्या वर्षी मात्र हप्ता फक्त ३० लाखांचा असतो आणि करापूर्वीची आवक १५४ लाखांच्या घरात. नाममात्र व्याजात महागाईची भरपाई असते, म्हणजे ५० टक्क्यांतला मोठा भाग खरे तर मुद्दलाचीच लवकर झालेली परतफेड असते, आणि तिचा भार पहिल्या वर्षांवर पडतो.

चिलीने यावर १९६७ पासून एक उपाय वापरला आहे. तिथे 'उनिदाद दे फोमेंतो' नावाचे हिशोबाचे एकक आहे आणि त्याची पेसोमधली किंमत ग्राहक किंमत निर्देशांकाबरोबर बदलत राहते. दीर्घ मुदतीची अनेक कर्जे या एककात दिली जातात. व्याज वास्तव दराने लागते आणि मुद्दल महागाईबरोबर वाढते. अशा कर्जात पहिल्या वर्षाचा हप्ता शीतगृहाच्या पहिल्या वर्षाच्या आवकीला झेपेल एवढा ठेवता येतो. मात्र तिथेही करबचत पेसोमध्ये गोठलेली आहे की निर्देशांकाला जोडलेली, हे त्या देशाच्या करकायद्यातच पाहावे लागते.